माळ असू द्या, रक्त मात्र तपासा: कावीळीवरच्या एका पोस्टचं प्रकरण

पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका फिजिशियन बाईंनी काविळीच्या माळेविषयी एक छोटी पोस्ट लिहिली. मी डॉक्टरांना रुग्णांसाठीची पत्रकं आणि सूचना लिहायला मदत करते, म्हणून ती पोस्ट लिहिली जात असताना आणि नंतर तिच्याखाली चर्चा रंगली तेव्हाही मी सोबत होते. पोस्ट सव्वाशेच्या आसपास शब्दांची आहे, पण तिच्यातलं प्रत्येक वाक्य का आहे आणि काय वगळलंय, हे समजून घेण्यासारखं आहे.

लिहायला निमित्त झालं एका रुग्णाचं. आठवा महिना लागलेली एक बाई डोळे पिवळे होऊन आठवडा उलटल्यावर दवाखान्यात आली. गळ्यात माळ होती. घरच्यांनी तिला हयगयीने ठेवलं नव्हतं; पथ्य सांभाळलं होतं, उकडलेलं जेवण दिलं होतं, माळ रोज मोजली होती. माळ लांबली म्हणजे कावीळ उतरतेय, अशी समजूत आहे; ती लांब होत होती, म्हणून सगळे निर्धास्त होते. आली तेव्हा तिला गुंगी होती आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतंच उत्तर देत होती. रक्त गोठण्याचा वेळ, म्हणजे पीटी-आयएनआर, बराच वाढलेला होता. याचा अर्थ यकृताचं काम थांबत चाललं होतं. मॅडमनी तिला तातडीने मेडिकल कॉलेजला पाठवलं. बाई वाचली, बाळ गेलं.

त्याच रात्री मॅडमनी पहिला मजकूर लिहून मला पाठवला. सुरुवात अशी होती: ‘चंद्रावर यान गेलं तरी आपण अजून माळेवर विसंबून. आज एका आईने याची किंमत मोजली.’ राग खरा होता आणि रास्तही होता. तरी तो मजकूर कुठे गेला नाही, हे बरं झालं, आणि त्याची कारणं दोन. एक, तालुक्याचं गाव लहान असतं. आठवा महिना आणि कावीळ एवढं लिहिलं तरी कोणाची सून, कोणत्या आळीतली, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. नाव वगळलं म्हणजे ओळख लपली असं होत नाही. जिचं बाळ नुकतंच गेलंय, तिच्या दारात लोक ‘तुम्ही माळ का घातली’ म्हणून विचारायला गेले असते. दुसरं असं की हा मजकूर ज्याच्यापर्यंत पोचायला हवा, तो माणूस पहिल्या ओळीतच बाहेर पडला असता. ज्याच्या आईने त्याला लहानपणी माळ घातली आणि तो बरा झाला, त्याला कोणी मूर्ख म्हटलं की तो माळेची नाही, आईची बाजू घेतो.

दोन दिवसांनी मॅडमनी पुन्हा लिहायला घेतलं. शेवटी जी पोस्ट गेली, ती अशी:

‘कावीळ झाली की आपल्याकडे माळ घालतात. माळ दिवसेंदिवस लांब होते आणि बहुतेक माणसं बरीही होतात. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी स्वतः पाहिल्या आहेत.

दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांमध्ये आपली आपण बरी होते. तिच्यासाठी आम्हा डॉक्टरांकडेही खास औषध नसतं. यकृत स्वतःच सावरतं. आणि माळेतल्या ओल्या काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. खिळ्याला टांगली तरी लांबते. सोबतचे दोन फोटो पाहा.

पण प्रत्येक कावीळ अशी नसते आणि कोणती कशी आहे, ते डोळे पाहून मलाही सांगता येत नाही. म्हणून डोळे पिवळे दिसले की एक-दोन दिवसांत रक्त तपासून घ्या. माळ घातली असेल तर असू द्या.

गर्भवती, तान्हं बाळ, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, न थांबणाऱ्या उलट्या, कुठूनही रक्त, मातकट-पांढरी शौच: यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

नाकात थेंब, पोटात घ्यायचं अनोळखी औषध आणि डाग देणं, हे मात्र करू नका.’

सुरुवातीलाच लोकांचा अनुभव मान्य केलाय. ही निव्वळ गोड बोलण्याची युक्ती नाही. लोकांनी जे पाहिलं ते खरंच तसं घडतं. हिपॅटायटिस ए आणि हिपॅटायटिस ई हे पाण्यावाटे पसरणारे दोन विषाणू. त्यांच्या आजारात आधी काही दिवस ताप, मळमळ, तोंडाची चव जाणं, अंगात अजिबात त्राण नसणं असा भाग येतो. लघवी गडद होते, मग डोळे पिवळे होतात. आणि नेमकं पिवळेपण दिसू लागतं त्याच सुमारास अनेकांचा ताप उतरतो, मळमळ कमी होऊ लागते. म्हणजे माणूस माळ घालायला जातो तोच मुळी आजार उताराला लागण्याच्या वेळी. चार दिवसांत भूक परत येते, दोन-चार आठवड्यांत डोळे निवळतात आणि तोवर गळ्यातली माळ पोटापर्यंत आलेली असते. ज्याने हे आपल्या घरात पाहिलंय, त्याला ‘माळेने काही होत नाही’ एवढंच सांगून भागत नाही. त्याने जे पाहिलं त्याचा दुसरा उलगडा त्याच्या हाती द्यावा लागतो, नाहीतर तो जुन्यावरच परत जातो.

माळेचा उलगडा करायला मॅडमना थोडी खटपट करावी लागली. कोणती वनस्पती वापरायची हे गावागणिक बदलतं. आमच्याकडे बहुधा पुनर्नवेच्या, म्हणजे घेटुळीच्या, ओल्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे घेतात. हे तुकडे दोऱ्यात ओवत नाहीत, तर एकेका तुकड्याभोवती दोऱ्याचा फास टाकून बांधत जातात. प्रत्येक फासात थोडा दोरा गुंतून पडतो. काडी ओली असते तोवर फास घट्ट बसतो. ती सुकून आकसली की फास ढिला होतो, गुंतलेला दोरा सुटा होतो आणि दोन तुकड्यांमधलं अंतर वाढतं. एका फासातून निघतो तो दोरा नखाएवढाच, पण शंभरेक फासांचा मिळून हातभर होतो. मॅडमनी दवाखान्यातल्या कंपाउंडर दादांकडून तशीच एक माळ बांधून घेतली, खिळ्याला टांगली, शेजारी शिंप्याची टेप लावली आणि पहिल्या दिवशी व सहाव्या दिवशी फोटो काढले. फोटोवर त्यांनी ‘भांडाफोड’ किंवा तसलं काही लिहिलं नाही. फक्त तारखा टाकल्या.

माझ्या मते पोस्टचा सगळ्यात दणकट भाग हे फोटो होते, कारण ते कोणालाही घरी करून पाहता येतात. डॉक्टर म्हणतात म्हणून मानायचं, असं त्यात काही नाही. बारावीच्या एका विद्यार्थ्याने खरंच दोन माळा बांधल्या, एक कोरड्या काड्यांची आणि एक ओल्या, आणि कोरडीची लांबी जवळपास तेवढीच राहिल्याचा फोटो खाली टाकला. त्यानंतर त्या मुद्द्यावर वाद घालायला कोणी आलं नाही.

‘आम्हा डॉक्टरांकडेही खास औषध नसतं’ या वाक्यावर मात्र मॅडमच्या व्यवसायातल्याच एका मित्राने आक्षेप घेतला. असं लिहिलं तर लोक दवाखान्यात येतील कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला हे वाक्य अत्यंत गरजेचं वाटतं. कारण लोकांना हे आधीच ठाऊक आहे. माळ घालणारे पिढ्यानपिढ्या हेच सांगत आलेत की काविळीला डॉक्टरकडे औषध नाही, आणि साध्या काविळीपुरतं ते बरोबर आहे. डॉक्टरने ते लपवलं आणि सलाईन, लिव्हर टॉनिक, गोळ्यांची पुडी हाती ठेवली, की पुढच्या वेळी त्याच्या बाकीच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही. दवाखान्यात यायचं ते औषधासाठी नाही, निवाड्यासाठी. ही आपोआप बरी होणारी आहे की दुसरी, हे ठरवण्यासाठी.

त्या दुसऱ्या काविळी पोस्टमध्ये नावानिशी दिलेल्या नाहीत, कारण तिथे यादी दिली असती तर वाचणारा गोंधळला असता. इथे थोडं सविस्तर सांगता येईल. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकली की पित्त आतड्यात उतरत नाही. शौच मातकट होते, अंगाला खाज सुटते, आणि अशा वेळी सोनोग्राफी लागते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो, त्यातही डोळे पिवळे होतात, पण तो जिवाणूंचा आजार आहे आणि त्यावर अँटिबायोटिक वेळेत दिलं तर माणूस वाचतो. मलेरियात कावीळ दिसते. क्षयरोगाच्या औषधांनी, दारूने, कधी तापाच्या गोळ्या अति घेतल्याने यकृताला इजा होते. हिपॅटायटिस बी पाण्यातून येत नाही आणि काहींच्या शरीरात कायमचा मुक्काम करतो. या सगळ्यांत डोळे सारखेच पिवळे दिसतात. आणि हिपॅटायटिस ई, जो धडधाकट माणसाला महिनाभर दमवून निघून जातो, तोच गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर बाधित झालेल्या दर चार-पाच स्त्रियांमागे एकीपर्यंत जीव घेऊ शकतो. म्हणून धोक्याच्या यादीत ‘गर्भवती’ हा शब्द पहिला आहे. त्या बाईची गोष्ट पोस्टमध्ये नाही, पण तिच्यामुळे तो शब्द पहिल्या जागी आला.

‘माळ घातली असेल तर असू द्या’ यावरून सगळ्यात जास्त वाद झाला. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या एका जुन्या कार्यकर्त्याने मॅडमना फोन केला. तुम्ही डॉक्टर असून माळेला मान्यता देताय, हे त्यांचं दुखणं होतं आणि त्यात तथ्य आहे. माळ गळ्यात राहिली की तिच्यावरचा भरवसाही राहतो. उद्या दुसऱ्या कोणाला झाली की पुन्हा आधी माळच आठवणार. तरी मी मॅडमच्या बाजूने आहे. माळेतून शरीराला काही अपाय होत नाही, अपाय होतो तो वाया गेलेल्या दिवसांमुळे. माळ काढा म्हटलं तर घरात सासूपासून शेजारणीपर्यंत भांडण उभं राहतं आणि त्या भांडणात आणखी चार दिवस जातात. रक्त तपासा म्हटलं तर कोणालाच नाही म्हणायचं कारण उरत नाही. दोन मागण्यांपैकी जीव वाचवणारी मागणी एकच आहे, मग तेवढीच करावी. शिवाय माळ कशाने लांबते हे त्याच पोस्टमध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे, त्यामुळे मान्यता दिली असं म्हणणं मला ओढूनताणून वाटतं.

हा मऊपणा शेवटच्या ओळीत मात्र संपतो, आणि तिथे तो संपायलाच हवा होता. नाकात टाकायच्या थेंबांनी नाकातून पिवळं पाणी वाहतं, कावीळ बाहेर पडली असं वाटतं; प्रत्यक्षात ती नाकाच्या अस्तराची जळजळ असते. पोटात घ्यायच्या अनोळखी पाल्याचा निचरा करायचं काम आधीच सुजलेल्या यकृतावर पडतं आणि काही वनस्पती यकृताला थेट विषारी असतात. तापवलेल्या सळीने किंवा बिब्ब्याने डाग दिला की जखम होते, ती चिघळते. यांच्या बाबतीत ‘असू द्या’ म्हणणं म्हणजे रुग्णाशी बेइमानी झाली असती. आदर माणसाचा ठेवायचा. ज्या उपायाने इजा होते त्याला साफ नाही म्हणायचं. अनेक डॉक्टरांचे लेख मी वाचते, त्यांत ही रेघ बहुधा दिसत नाही. सगळ्याच घरगुती उपायांना एका रांगेत उभं करून हाणलं जातं, आणि मग वाचणाऱ्याला माळ आणि डाग यांतला फरक कळत नाही.

पोस्टखाली पहिली अडचण आली ती मॅडमच्या चाहत्यांकडून. ‘अडाणी लोकांना कितीही सांगा’, ‘यांना माळच घाला’ अशा प्रतिक्रिया भराभर आल्या. मॅडमनी लगेच खाली लिहिलं: ‘माझ्या आजीने मला माळ घातली होती. ती अडाणी नव्हती, तेव्हा जे हाताशी होतं ते तिने केलं. असं बोलणं इथे नको.’ आणि टिंगलीच्या प्रतिक्रिया काढून टाकल्या. हे त्यांनी पहिल्या तासात केलं, याला महत्त्व आहे. पोस्ट कितीही आदराने लिहिलेली असली तरी वाचणारा पोस्ट आणि खालचा गोंगाट मिळून एकच गोष्ट वाचतो.

मग खरे प्रश्न येऊ लागले. एकाने लिहिलं, ‘मॅडम, माझी आई माळेनेच बरी झाली, रिपोर्ट पण नॉर्मल आले.’ मॅडमनी उत्तर दिलं: ‘दादा, आई बऱ्या झाल्या हे वाचून आनंद झाला. रिपोर्ट केलेत हे फार चांगलं केलंत. घरातल्या बाकीच्यांना काही त्रास नाही ना? पाणी उकळून घ्या, हा आजार एकाच पाण्यातून अनेकांना होतो.’ माळेवर त्या पुन्हा बोलल्याच नाहीत. जे सांगायचं ते वर सांगून झालं होतं, आणि त्या माणसाने करायची गोष्ट आधीच केली होती.

उसाच्या रसाबद्दल तर पंधरा-वीस जणांनी विचारलं. रस वाईट नाही, भूक नसताना साखर मिळते. पण गाड्यावरचा बर्फ आणि ग्लास विसळायचं पाणी कुठलं असतं, हा प्रश्न आहे, कारण ज्या घाणीतून कावीळ आली तीच तिथून पुन्हा पोटात जाऊ शकते. तेल-तूप आणि हळद पूर्ण बंद करावी का, यावर मॅडमचं उत्तर होतं की तशी गरज नाही. मळमळ असेल तर तेलकट आपोआपच नको वाटतं, भूक लागली की घरचं साधं जेवण पोटभर घ्यावं. दारू मात्र पूर्ण बंद. या गोष्टी त्यांनी मूळ पोस्टमध्ये जाणून घातल्या नव्हत्या. एका पोस्टमध्ये चार समजुती दुरुस्त करायला गेलं की वाचणारा एकही लक्षात ठेवत नाही.

एक प्रतिक्रिया वेगळी होती. शेजारच्या गावात ज्यांच्या घरात माळ घालतात, त्या घरातल्या तरुण मुलाची. ‘आमचे आजोबा पैसे घेत नाहीत, नारळ सुद्धा परत देतात. तुम्ही त्यांना फसवणारे ठरवलं.’ पोस्टमध्ये फसवणूक हा शब्द कुठेच नव्हता, तरी त्याला तसं वाटलं. मॅडमनी त्याला खाली उत्तर न देता फोन केला आणि एकच विनंती केली: आजोबांकडे कोणी आलं तर ती गर्भवती आहे का आणि बोलणं नीट आहे का, एवढं विचारावं, आणि शंका असली तर माळ घालायच्या आधी दवाखान्यात पाठवावं. आजोबांनी सगळ्यांसाठी नाही, पण गर्भवतींसाठी ते मान्य केलं. पाठवलेली पहिली बाई तपासली तेव्हा तिला गरोदरपणातच होणारा यकृताचा वेगळा त्रास निघाला. तिला जिल्हा रुग्णालयात दाखल करावं लागलं.

पोस्टचा एक दोष आठवड्याभरात उघड झाला. लोकांनी ती पूर्ण पुढे पाठवली नाही. खिळ्यावरच्या माळेचे फोटो आणि पहिला परिच्छेद एवढाच तुकडा कापून व्हॉट्सॲपवर फिरू लागला. ज्याला तो मिळाला त्याने ‘बहुतेक माणसं बरी होतात’ एवढं वाचलं. धोक्याची यादी त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. मॅडमनी मग दुसऱ्या फोटोवरच मोठ्या अक्षरांत तीन ओळी टाकल्या: गर्भवती, तान्हं बाळ, गुंगी, यांत थांबू नका. चित्र कापून पाठवलं तरी हे त्याच्याबरोबर जावं म्हणून. हे आधीच सुचायला हवं असं वाचणाऱ्याला वाटेल, पण कोणता तुकडा लोक उचलतील हे पोस्ट फिरल्यावरच कळतं.

पोस्टचा सगळ्यात मोठा उपयोग कदाचित वेगळाच झाला. माळेवर थांबलेला रुग्ण कुठल्याच नोंदीत येत नाही. एका गल्लीत आठ जणांना कावीळ झाली आणि आठही जण माळ घालून घरी बसले, तर आरोग्य खात्याच्या लेखी त्या गल्लीत काहीच घडलेलं नसतं. दिल्लीत 1955-56 च्या साथीत यमुनेच्या पुराबरोबर सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. आपल्याकडे इचलकरंजीने 2012 साली अशीच मोठी साथ भोगली. अशा साथीचा सुगावा लागतो तो सुरुवातीच्या थोड्या रुग्णांचे पत्ते एकाच ठिकाणचे निघतात तेव्हा. मॅडम आता प्रत्येक काविळीच्या केसपेपरवर डोळे पिवळे दिसल्याची तारीख, दवाखान्यात आल्याची तारीख आणि पाणी कुठलं पितात, हे लिहितात. माळ घातली का, हेही विचारतात, पण हसून किंवा रागावून नाही, आणि त्यामुळे रुग्ण खरं सांगतो. पोस्टनंतरच्या महिन्यात एकाच नळावरचे पाच रुग्ण त्यांच्या लक्षात आले. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवल्यावर गटारालगत फुटलेली जलवाहिनी सापडली.

तान्ह्या बाळांच्या काविळीवर त्यांनी स्वतंत्र पोस्ट लिहायला घेतली आहे, कारण तिथे ‘माळ असू द्या’ हे वाक्य चालत नाही. जन्मल्यापासून पहिल्या 24 तासांत बाळ पिवळं दिसलं तर ते नेहमीच तपासावं लागतं. काविळीतलं पिवळं द्रव्य, म्हणजे बिलिरुबिन, रक्तात फार चढलं तर ते मेंदूत उतरतं आणि झालेली इजा भरून येत नाही. तिथे समजूत माळेची कमी आणि कोवळ्या उन्हाची जास्त आहे. ऊन दाखवायला डॉक्टरांनीच पूर्वी सांगितलेलं असल्याने ती दुरुस्त करणं अधिक नाजूक आहे, आणि सध्या मॅडम त्या पोस्टचं पहिलं वाक्य शोधताहेत.